लोकअदालतीत सही करायच्या आधी

"ताई, भाऊ म्हणतायत लोकअदालतीत बसून मिटवून टाकू, वकिलाचा खर्च वाचेल. पण तिथे एकदा सही केली की नंतर काहीच करता येत नाही असं ऐकलंय, खरं का? आणि माझ्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, मिस्टरांना बऱ्यापैकी पगार आहे म्हणून मला फुकट वकील मिळणार नाही असं पण कोणी तरी सांगितलं. मग मी काय करू?"

देवगड तालुक्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगते, म्हणजे उत्तर आपोआप येईल. त्यांना सुनंदा म्हणू, नाव आणि बारीकसारीक तपशील बदललेत. मी तेव्हा आठवड्यातून दोन दिवस तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीच्या टेबलाशी बसायचे, लोकांचं ऐकून घ्यायचं, अर्ज लिहून द्यायचा आणि वकिलाकडे पाठवायचं असं ते काम. सुनंदाताई आल्या तेव्हा हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात सातबाराचे उतारे घडी घालून घालून फाटायला आलेले. पहिलंच वाक्य, "माका भांडाण नको, पण फसाक पण नको."

आईवडील दोघंही गेलेले, वाडवडिलांची जागा, मागे दोन भाऊ आणि ही एक बहीण. एक भाऊ गावात कलमं सांभाळतो, दुसरा डोंबिवलीला. वारस नोंदीत तिघांची नावं, म्हणजे ताईंचा तिसरा हिस्सा. (मुलीचा जन्मानेच हिस्सा असतो, वडील हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीआधी गेलेले असोत की नंतर, हे सुप्रीम कोर्टाने 2020 साली स्पष्ट केलंय, तरी अजून "ती लग्न करून गेली ना" हे ऐकायला मिळतंच.) आधी एकदा गावकीत बसून स्टॅम्पपेपरवर काहीतरी लिहून घेतलेलं, भावाने पाळलं नाही आणि कागद कपाटातच राहिला.

आधी वकिलाचा विषय संपवते. मिस्टरांच्या पगाराचा इथे काही संबंध नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोणाला मोफत वकील मिळतो त्याची यादी आहे, त्यात स्त्री आणि लहान मूल यांना उत्पन्नाची अटच नाही. तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, कारखान्यातले कामगार, कोठडीत असलेली माणसं आणि पूर, भूकंप, दुष्काळ अशा आपत्तीत सापडलेले. म्हणजे 2021 च्या जुलैत चिपळूणला पाण्यात दुकान बुडालं आणि त्यातून कोर्टात जायची वेळ आली, तर तो दुकानदार आपद्ग्रस्त म्हणून अर्ज करू शकतो. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, आपल्याकडे 3 लाख, आणि त्यासाठी साधारणपणे उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरतं. गंमत म्हणजे सुनंदाताईंचा गावातला भाऊसुद्धा यात बसत होता, आंब्याचं उत्पन्न तितकं होतच नाही, मग त्यालाही त्याच ऑफिसमधून वेगळा वकील मिळाला. दोघांना एकच वकील देत नाहीत, त्यामुळे "तिकडे भावाची ओळख आहे" ही भीती बाळगू नका. आणि नेमून दिलेल्या वकिलाला फी ऑफिसकडून मिळते, त्याने तुमच्याकडे मागितली तर जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे सांगायचं. एवढं मात्र आहे की केसला काहीच आधार नसेल तर अर्ज नाकारता येतो.

हे सगळं मोफत वकिलाबद्दल. लोकअदालतीत जायला असली कुठलीच अट नाही, श्रीमंत गरीब कोणीही जाऊ शकतं, फी पण नाही. लोक या दोन्ही गोष्टी एकच समजतात आणि मग गोंधळ होतो.

ताईंच्या वकिलाने वाटपाचा दावा दाखल केला आणि पाचसहा महिन्यांत भावांकडूनच निरोप आला की मिटवू. केस लोकअदालतीत ठेवली गेली. आता तिथे काय असतं ते बघा. टेबलापलीकडे एक न्यायाधीश (आजी किंवा माजी) आणि सोबत वकील, समाजसेवक असे एक-दोघं. त्यांना पंच म्हणा हवं तर, पण ते निकाल देत नाहीत, त्यांना तो अधिकारच नाही. त्यांचं काम दोघांना बोलतं करायचं. तुम्ही "नाही" म्हणालात तर फाईल जशी होती तशी परत कोर्टात जाते, जिथे थांबली होती तिथून पुढे, आणि नाही म्हटलं म्हणून तुमचं काही बिघडत नाही. पण "हो" म्हणालात की लिहून सह्या होतात, त्याला निवाडा म्हणतात, आणि कायद्याने तो दिवाणी कोर्टाचा हुकूमनामाच मानला जातो. त्यावर अपील नाही.

का नाही हे नीट कळलं की भीती निम्मी कमी होते. अपील कोण करतं, ज्याच्याविरुद्ध निकाल लागलाय तो. इथे कोणी तुमच्याविरुद्ध निकाल दिलेलाच नसतो, तुम्ही स्वतःच कबूल झालेले असता, मग तक्रार कोणाविरुद्ध करणार? 2008 साली सुप्रीम कोर्टात पंजाबची एक केस गेली होती, जालोर सिंगची म्हणून ओळखतात. अपघाताच्या भरपाईत लोकअदालतीने दोघांची तडजोड नसतानाच आपल्या मनाने रक्कम वाढवून दिली होती. कोर्ट म्हणालं, तडजोडच नाही तर हा निवाडाच नव्हे. पण त्याच निकालात हेही सांगितलं की खरी तडजोड झाली असेल तर ती अंतिम, आव्हान द्यायचंच असेल तर फक्त हायकोर्टात रिट याचिका, तीही अगदी मर्यादित कारणांवर. 2017 मध्ये आणखी एका निकालात म्हटलं की फसवणूक झाली असं म्हणायचं असेल तरी नवीन दिवाणी दावा चालत नाही, रस्ता हायकोर्टाचाच. म्हणजे तुमची सहीच खोटी, किंवा तुम्हाला न कळवता तुमच्या नावाने कोणी कबुली दिली, असं काही. "तेव्हा मला नीट कळलं नाही", "नंतर बायको म्हणाली कमी घेतलंस" यावर कोणी ऐकत नाही. एक गृहस्थ सही करून महिन्याभराने आले होते, म्हणे मला वाटलं अपील करता येईल म्हणून केली सही. मला त्यांना चहा पाजण्यापलीकडे काही करता आलं नाही.

तर खरं काम सहीच्या आधीचं. सुनंदाताईंच्या तडजोडीचा कच्चा कागद भावाच्या बाजूने तयार होऊन आला, तो आम्ही त्यांच्या वकिलासोबत बसून वाचला. ठरलं असं होतं की जमीन भावांकडे राहील, ताईंना 6 लाख रुपये, 2 लाख आज, बाकी दोन हप्त्यांत. ऐकायला ठीकच. पण कागदात होतं, "उर्वरित रक्कम आंब्याच्या सिझननंतर सोयीप्रमाणे देण्यात येईल." मी विचारलं, सोय कोणाची हो? ताई हसल्या. पुढचं वाक्य, "आजपासून सातबारावरील वादीचे नाव कमी करण्यात यावे." म्हणजे पैसे दोन वर्षांनी आणि नाव आजच जाणार. आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात, "तसेच इतर सर्व स्थावर मिळकतीवर वादीचा कोणताही हक्क राहणार नाही."

या ओळीवर ताईंचं बोट थांबलं. हळूच म्हणाल्या, आईच्या माहेरचं एक भाताचं खाचर आहे, ते दाव्यात नाहीच, ते पण गेलं का यात? सहा गुंठे असेल नसेल, पण या एका ओळीने ते पण निघून गेलं असतं आणि दोन वर्षांनी कळलं असतं. भावाला विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, टायपिंगवाल्याने त्याच्याकडच्या नमुन्यातलं टाकलंय, मला माहितच नाही. असू शकतं. म्हणूनच मी सांगते की कागद कोणाच्या वाईट हेतूने नाही तर आळसाने पण वाईट होतो.

मग कागद बदलला. गट नंबर दाव्यातलेच, तेवढेच, त्याबाहेर काही नाही. हप्ते 2 लाखांचे, पहिला पुढच्या 31 मे ला, दुसरा त्यानंतरच्या वर्षी 31 मे ला, कारण तेव्हा आंब्याचे पैसे हातात आलेले असतात, भावाला पण ते पटलं. तारीख चुकली तर राहिलेली सगळी रक्कम एकदम, 9 टक्के व्याजासकट. आणि सातबारावरचं नाव शेवटचा हप्ता मिळाल्यावर कमी होईल, त्याआधी नाही. लोकअदालतीच्या दिवशी न्यायाधीशांनी दोघांना मराठीत वाचून दाखवलं आणि विचारलं, समजलं का, कोणाचा दबाव नाही ना. इथे लाजून मान डोलवायची नाही, नाही समजलं तर तिथेच बोलायचं.

पहिला हप्ता वेळेवर आला. दुसऱ्या वर्षी मोहोरावर थ्रिप्स पडले, वर अवकाळी पाऊस, भावाने पैसे दिले नाहीत. खोटं नव्हतं त्याचं, पण ताईंच्या मुलीची कॉलेजची फी पण खोटी नव्हती. त्यांनी ऑगस्टपर्यंत वाट पाहिली आणि मग घाबरत विचारायला आल्या, आता परत पहिल्यापासून केस? नाही. निवाडा हुकूमनामाच असल्यामुळे सरळ त्याच कोर्टात दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, त्यासाठी 12 वर्षांची मुदत असते. गावकीच्या स्टॅम्पपेपरचं हे होत नाही, तो पाळला नाही तर त्यावर आधी दावा लावून सगळं सिद्ध करत बसावं लागतं. जी गोष्ट सही करताना टोचते, की मागे फिरता येत नाही, तीच इथे ताईंच्या कामाला आली, कारण भावालाही मागे फिरता येत नव्हतं.

कोर्टाची नोटीस डोंबिवलीला पोचली तसा मोठ्या भावाचा फोन आला. व्याज सोडा म्हणाला, ताईंनी अर्धं सोडलं, तेही तोंडी नाही, दरखास्तीत लेखी देऊन. पैसे दोन चेकने आले. चेक वटल्यावरच त्या तलाठ्याकडे गेल्या आणि फेरफारासाठी निवाड्याची सही-शिक्क्याची नक्कल दिली. खाचरावर अजून त्यांचं नाव आहे, गेल्या पावसात लावणी पण केली म्हणे.

तुम्ही तालुका कोर्टात जाऊन विधी सेवा समिती विचारा किंवा 15100 ला फोन करा. जाताना आधार कार्ड, सातबारा आणि भावांनी तडजोडीचा काही कागद दिला असेल तर तो न्या, आणि त्यात "सोयीप्रमाणे", "योग्य तो" आणि "इतर सर्व" हे शब्द कुठे आहेत त्यावर आधीच पेन्सिलीने खूण करून ठेवा.