नोटीस गोड लिहा, पण बोनस ‘रद्द’ लिहू नका

प्रश्न: वकीलसाहेब, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये दिवाणजी आहे. कायम माणसं 34. विकलेल्या सरकीचे पैसे अडकल्यामुळे सप्टेंबरचा पगार वेळेवर होत नाही. व्यापारी 18 ऑक्टोबरचं म्हणतो. दरवर्षी आम्ही दीड पगार बोनस देतो. मागच्या वर्षीच्या हिशेबात तोटा आहे म्हणून सेठजी म्हणतात, ‘बोनस रद्द लिही, खाली सगळ्यांच्या सह्या घे, पण भाषा गोड ठेव.’ माणसं गावातलीच आहेत, रोज तोंड दाखवायचं आहे. कसं लिहू?

उत्तर: दिवाणजी, भाषेचं नंतर पाहू. आधी ‘बोनस रद्द’ हे दोन शब्द खोडा. कितीही गोड लिहिलं तरी ते खोटं ठरतं, कारण तेवढा अधिकार सेठजींकडे नाहीच. जुना 1965 चा बोनस कायदा पाहा की 2019 ची वेतन संहिता, बोनसला पात्र असलेल्या माणसाला किमान 8.33 टक्के द्यावेच लागतात, तोटा असला तरी. वर्षाच्या पगाराचा बारावा भाग म्हणजे साधारण एक पगार. नेमका आकडा कोणत्या रकमेवर काढायचा, ते सीएकडून करून घ्या.

तुमच्या दीड पगारातला वरचा अर्धाच काय तो थांबवता येईल. तोही सीएने आधीच्या वर्षांच्या नफ्यातली पुढे ओढलेली शिल्लक तपासल्यावर. आणि ‘यंदापुरता’ हा शब्द टाकल्याशिवाय नको. वर्षानुवर्षे दिलेली गोष्ट रिवाज झाली, असा दावा कामगार करू शकतात.

पगाराचं म्हणाल तर पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत तो द्यायलाच हवा. नोटीस लावल्याने उशीर कायदेशीर होत नाही. सह्यांनीही होत नाही, कारण हक्काच्या पगारावर पाणी सोडणारा करार कायद्यात शून्य असतो. उलट तो कागद कामगार अधिकाऱ्यापुढे तुमच्याच विरोधात निघतो. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात ‘सर्वांनी स्वखुशीने मान्य केले’ असं लिहिलेलं होतं, आणि खाली अंगठ्यांची रांग. तो कागद पुढे आला आणि मालकाला बोलायला काही उरलं नाही.

आता तारीख. 18 ही व्यापाऱ्याची तारीख आहे, तुमची नाही. त्याचा चेक वटायचा, मग पगार खात्यात जायचे, म्हणून 24 लिहा. लवकर झाला तर कोणी भांडायला येत नाही, पण दुसऱ्यांदा तारीख चुकली की तुमच्या नोटिसीकडे कोणी पाहणार नाही. हातात आहे त्यातून 7 तारखेला निम्मा तरी द्या. किराणा दुकानदाराची उधारी त्या निम्म्यानेच चालते.

बोनसला मात्र मुदत आहे. हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपलं तर आठ महिने, म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत. त्या मुदतीतही जमत नसेल तर सरकारकडे सकारण अर्ज करून मुदतवाढ मागता येते, मनाने पुढे ढकलता येत नाही. दिवाळीआधी बोनसपोटी थोडी उचल दिली तर ती पुढे वळती करता येते. सेठजींना हे सांगा, पचेल.

मसुदा असा:

*सर्व कामगार व कर्मचाऱ्यांना,*

*सप्टेंबरचा पूर्ण पगार 7 ऑक्टोबरला देता येत नाही. सरकीच्या विक्रीचे पैसे अजून आलेले नाहीत. 7 तारखेला प्रत्येकाला निम्मा पगार खात्यात मिळेल, उरलेला 24 ऑक्टोबरपर्यंत. हा उशीर आमच्याकडून होत आहे, त्याबद्दल दिलगीर आहोत.*

*8.33 टक्के बोनस 25 नोव्हेंबरपर्यंत मिळेल. दिवाळीआधी ज्यांना त्यातून उचल हवी, त्यांनी दिवाणजींना सांगावे. त्यावरचा अर्ध्या पगाराचा वाढीव भाग यंदापुरता देता येणार नाही, कारण मागचे वर्ष तोट्यात गेले.*

*— मालकाची सही*

यात ‘अपरिहार्य कारणास्तव’ नाही, ‘सहकार्य करावे’ नाही आणि ‘आपण एक कुटुंब आहोत’ तर मुळीच नाही. पगार थकवणाऱ्याने कुटुंबाची आठवण काढली की माणसं हसतात, तेही तोंडावर नाही. सही तुमची नको, सेठजींची हवी. पैसे त्यांनी अडवले आहेत, शिव्या तुम्ही का खायच्या?

नोटीस 5 तारखेलाच लावा. नुसती फलकावर नको. सुट्टीच्या वेळी गेटवर सेठजींनी स्वतः वाचून दाखवावी. सह्या घ्यायच्याच असतील तर ‘वाचले’ एवढ्याच, ‘मान्य’च्या नाही. आणि नोटिसीची एक प्रत तारखेसह फाईलला लावा. उद्या कोणी विचारलं तर काय कबूल केलं होतं, ते तुम्हालाही दाखवता आलं पाहिजे.