१४० पानांचा अहवाल आणि मुख्याध्यापकांसाठी दोन पानं

प्रश्न: आमच्या संस्थेने पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या ४८ जिल्हा परिषद शाळांत तिसरी ते पाचवीच्या वाचनाची तपासणी केली. अहवाल १४० पानांचा झालाय. मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांना कार्यकारी सारांश द्यायचा आहे, पण त्यांना अजिबात वेळ नसतो. सारांश किती मोठा हवा? त्यात काय घ्यायचं, काय सोडायचं?

उत्तर:

एक कागद, पाठपोट. मराठीत साधारण ६०० ते ७०० शब्द. त्याहून मोठा झाला तर तो कपाटात जातो.

अहवालाची प्रकरणं घेऊन प्रत्येकाचा एकेक परिच्छेद करायला बसू नका. बहुतेक सारांश तिथेच फसतात. प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धती या क्रमाने गेलात तर पहिलं पान संपेपर्यंत मुलांबद्दल एक वाक्यही येत नाही. आधी कोऱ्या कागदावर लिहा: हे वाचून मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात काय बदलू शकतात? वेळापत्रक, मुलांचे गट, शाळेत आधीच असलेल्या पुस्तकांचा वापर, पालकसभेचा विषय. केंद्रप्रमुखांच्या हातात शाळाभेटी आणि शिक्षण परिषद असते. रिक्त पदं भरणं या दोघांच्याही हातात नाही, त्यामुळे ती शिफारस कितीही महत्त्वाची असली तरी या कागदावर नको. ती गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेसाठी वेगळ्या पत्रात द्या. मग अहवालातून फक्त तेच निष्कर्ष उचला ज्यांच्यावर या यादीतलं काही करता येईल. तीन पुरतात.

आता आकडे. तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून उदाहरणापुरते धरू. समजा तिन्ही इयत्तांचा पट १,२०० आहे, तपासणीच्या दिवशी ९३६ मुलं हजर होती आणि त्यांतल्या ५१५ जणांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. अहवालात याचं वाक्य साधारण असं असतं: ‘बहुतांश विद्यार्थ्यांमध्ये वाचन कौशल्याचा अपेक्षित विकास झाल्याचे दिसून येत नाही.’ यावर मुख्याध्यापक काहीच करू शकत नाहीत, आणि ‘बहुतांश’ तर इथे चूकच आहे, कारण निम्म्याहून जास्त मुलांनी उतारा वाचला आहे. सारांशात असं लिहा:

‘तपासलेल्या ९३६ मुलांपैकी ४२१ मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला नाही. त्यांतली १४० मुलं सोपा परिच्छेद वाचतात, १६८ शब्दापर्यंत पोचून अडली आहेत, ८२ फक्त अक्षरं ओळखतात आणि ३१ मुलांना अक्षरओळखही नाही (पान ५२).’

आता दिसतं की सर्वांत मोठा गट शब्दांवर अडलेल्या मुलांचा आहे आणि तो तिन्ही इयत्तांत विखुरलेला असणार. शिफारस यातूनच निघते: रोज एक तास तिसरी ते पाचवीची मुलं इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार बसवा. पान क्रमांक मात्र प्रत्येक आकड्यापुढे हवाच. ज्याला शंका येईल त्याला १४० पानं चाळावी लागू नयेत.

यातली सर्वांत नाजूक जागा म्हणजे गैरहजर मुलं. ५१५ म्हणजे तपासलेल्यांपैकी ५५ टक्के, पटावरच्या मुलांपैकी ५५ टक्के नव्हे. उरलेल्या २६४ मुलांबद्दल आपल्याला काही ठाऊक नाही. त्यांतलं कुणालाच वाचता येत नसेल तर पटावरचं प्रमाण ४३ टक्के निघतं, सगळ्यांना येत असेल तर ६५ टक्के. पेठ-सुरगाण्यात हा फरक बारीकसारीक नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात आणि मुलंही सोबत जातात. तपासणी जुलैत झाली की जानेवारीत, यावर कोणती मुलं सुटली हे ठरतं. म्हणून महिना आणि हजेरी पहिल्याच परिच्छेदात लिहा, तळटीपेत नको. मुख्याध्यापकांना स्वतःचा पट माहीत असतो. आकडा पटाशी जुळला नाही की पुढचा सगळा कागद त्यांच्या दृष्टीने बाद होतो, आणि त्यात त्यांची चूक नसते.

मागच्या वर्षाशी तुलना असेल तर ‘८ टक्के वाढ’ असं लिहू नका. प्रमाण ४७ वरून ५५ टक्क्यांवर गेलं, तर त्या वाक्याचा एक अर्थ ८ होतो आणि दुसरा १७, कारण ४७ च्या मानाने ८ म्हणजे १७ टक्के. ‘दर १०० मुलांमागे आधी ४७ वाचत होती, आता ५५ वाचतात’ हे कुणीही चुकीचं वाचत नाही. दोन्ही वर्षी तपासणी एकाच महिन्यात झाली नसेल, तर वर लिहिलेल्या कारणासाठी ही तुलना सारांशात घेऊच नका.

शाळानिहाय क्रमवारीही नको. इयत्तेत १२ मुलं असलेल्या शाळेत एक मूल म्हणजे ८ टक्के. त्या दिवशी दोन मुलांना ताप आला तरी शाळा यादीत खाली घसरते, आणि बैठकीत मग वाचनाऐवजी क्रमांकावरच बोलणं होतं. प्रत्येक शाळेला तिचा स्वतःचा तक्ता स्वतंत्र द्या: मुलाचं नाव, इयत्ता, पातळी. तो मुख्याध्यापक नक्की उघडतील. पण नावं असलेला तो कागद व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, ज्याचा त्याला द्या.

शिफारस लिहिताना कोण, काय, कधीपासून आणि किती वेळ, हे चारही एका वाक्यात यावं. ‘वाचन संस्कृती रुजवावी’ यात यातलं एकही नाही. आणि ‘मुख्याध्यापकांनी दररोज निरीक्षण करावे’ लिहिण्याआधी शाळेचा आकार बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात, आणि स्वतंत्र मुख्याध्यापक १५० च्या वर. म्हणजे तुमच्या अनेक शाळांत ‘मुख्याध्यापक’ म्हणजे दोन-तीन वर्ग एकत्र शिकवणारे शिक्षकच. तिथे पातळीनुसार चार गट लिहून दिलेत तर ते बसवणार कोण? दोन शिक्षकी शाळेसाठी दोनच गट सुचवा: अक्षर-शब्दाच्या पातळीवरची मुलं एकीकडे, परिच्छेद आणि त्यापुढची दुसरीकडे. पहिली-दुसरीला त्या तासात काय काम द्यायचं हेही एका ओळीत सांगा, नाहीतर हा तास दोन दिवसांत बंद पडेल.

पद्धतीला चार ओळी पुरेत: किती शाळा, कोणत्या इयत्ता, प्रत्येक मुलाला स्वतंत्र बसवून वाचून घेतलं का, आणि साधन कोणतं. शाळांची निवड चिठ्ठीने झाली की सोयीने, हे खरंखरं लिहा. सोयीने झाली असेल तर ‘तालुक्यातील मुले’ असं कुठेही म्हणू नका, ‘या ४८ शाळांतील मुले’ म्हणा.

हा कागद बहुतेक जण व्हॉट्सॲपवर फोनमध्ये उघडतील आणि काही जण झेरॉक्स काढतील. म्हणून युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करून पीडीएफच पाठवा, कारण जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल फोनवर विस्कटते. तक्ता चार रकान्यांपेक्षा रुंद नको. रंगीत आलेख झेरॉक्समध्ये सगळा करडा होतो, तेव्हा आकडे थेट पट्ट्यांवरच लिहा.

पाठवण्याआधी अहवालाशी संबंध नसलेल्या एखाद्या मुख्याध्यापकांना कागद पाच मिनिटं वाचायला द्या, मग तो परत घेऊन विचारा: किती मुलं अडली आहेत, कुठे अडली आहेत, आणि सोमवारपासून तुम्ही काय करायचं आहे? ज्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, ते वाक्य वर आणा किंवा नव्याने लिहा.