इअरबड्समधला गेम मोड नेमका कसा चालतो? तो कायम चालू ठेवला तर आवाज आणि बॅटरीवर परिणाम होतो का?

होतो, दोन्हींवर होतो. खेळून झालं की तो बंद करावा. याच गोष्टीवरून माझं आणि भाऊजींचं अजून पटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. भाऊजींनी जेल रोडवरून बड्स घेतले. भाचा फोनवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतो, त्याने अ‍ॅपमधून गेम मोड लावला आणि तो तसाच राहिला. भाऊजी सकाळी फिरताना नाट्यगीतं ऐकतात. काही दिवसांतच त्यांची तक्रार सुरू झाली: तान रंगात आली की नेमका आवाज तुटतो. दुकानदाराने बड्स बदलून दिले. नव्यांतही भाच्याने पहिल्याच दिवशी गेम मोड लावला आणि तेही तसेच तुटू लागले. मी म्हटलं, भाऊजी, तो मोड बंद करा. ते म्हणाले, "अरे, आवाज लवकर पोचतोय, त्यात वाईट काय?"

ब्लूटूथवरून आवाज सलग येत नाही, छोट्या पाकिटांत येतो. काही पाकिटं वाटेत हरवतात आणि फोनला ती पुन्हा पाठवावी लागतात. म्हणून बड्स थोडा आवाज आधी साठवतात आणि मग वाजवतात. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून घरोघरी टाकी असते. हा साठा तसाच. टाकी मोठी असेल तर नळ कोरडा पडत नाही, पण वापरतो ते पाणी शिळं असतं. गेम मोड ही टाकी लहान करतो. आवाज ताजा मिळतो, पण एखादं पाकीट चुकलं तर ते पुन्हा मागवायला वेळच उरत नाही. भाऊजींचा फोन पँटच्या मागच्या खिशात असायचा. शरीरातलं पाणी ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याच शोषून घेतं, त्यामुळे पाकिटं चुकायची आणि तान तुटायची. बड्समध्ये काहीच बिघाड नव्हता.

गाण्यांना या घाईचा उपयोगही शून्य. गाणं अर्धा सेकंद उशिरा सुरू झालं तर कुणाला कळतं? सिनेमातही बहुतेक प्लेअर बड्सचा उशीर धरून चित्र तेवढं मागे ठेवतात. गेममध्ये तसं करता येत नाही, कारण बोट लागेपर्यंत तो आवाज तयारच झालेला नसतो.

भाच्याचं म्हणणं होतं, डब्यावर उशीर ४५ मिलिसेकंद लिहिलाय. आम्ही मोजून पाहिलं. गोळी झाडणारं बोट दिसेल आणि बडचा आवाजही टिपला जाईल, असा दुसऱ्या फोनवर ६० फ्रेमचा व्हिडिओ घेतला आणि एडिटिंग अ‍ॅपमध्ये फ्रेम मोजल्या. एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद. वायरच्या इअरफोनवर बोट लागल्यापासून आवाज यायला ५ फ्रेम लागल्या, साध्या मोडमध्ये १५, गेम मोडमध्ये ८. म्हणजे गेम मोडमध्येही एकूण उशीर १३० मिलिसेकंदांच्या वरच. पण त्यातल्या ५ फ्रेम टचच्या, गेमच्या आणि फोनच्या स्वतःच्या; बड्सच्या वाट्याला येतात ३, सुमारे ५०. डब्यावरचा आकडा खोटा नाही, तो फक्त बड्सच्या वाट्याचा आहे. बड्सच्या वाट्याचा १० फ्रेमचा उशीर ३ वर येणं हा मोठा फरक आहे. पावलांच्या आवाजावर खेळणाऱ्याने गेम मोड जरूर लावावा.

किंमत मात्र मोजावी लागते. उशीर कमी करायला अनेक बड्स आवाज दाबून पाठवण्याची एएसी ही पद्धत सोडून साध्या एसबीसीवर येतात, कारण एएसीमध्ये आवाजाचा एकेक तुकडाच २३ मिलिसेकंदांचा असतो आणि एसबीसीमध्ये जेमतेम ३चा. त्यावर पाकिटं कमी चुकावीत म्हणून बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायची माहितीही, उतरवतात. गोळीबारात हे जाणवत नाही. तानपुऱ्याची जवारी, झांजा, "स"चा उच्चार ऐका, तिथे खरखरीतपणा लगेच कळतो. बॅटरीचं कारण वेगळं: साध्या मोडमध्ये रेडिओ साठा भरून थोडा झोपतो, गेम मोडमध्ये त्याला सारखं जागं राहावं लागतं. भाऊजींचे बड्स साडेपाच तासांऐवजी चारच तास चालायचे. मोड बंद केल्यावर तान तुटणंही थांबलं. तरी ते म्हणतात, दुसरा जोड चांगला निघाला! तसं असतं तर मोड चालू असताना तो का तुटत होता, हे त्यांनी सांगावं.

हे सगळं साध्या ब्लूटूथ बड्सबद्दल. फोन आणि बड्स दोन्हींत एलई ऑडिओ हे ब्लूटूथचं नवं तंत्र असेल तर उशीर मुळातच कमी असतो आणि आवाजाचं एवढं नुकसान होत नाही. आणि गेममध्ये टीमशी बोलायला बड्सचा माइक चालू केलात, तर फोन बहुधा कॉलच्या मोडवर जातो आणि आवाज मोनो, फोनवरच्या बोलण्यासारखा होतो. गेम मोड तिथे काही करू शकत नाही. गेममध्ये सोय असेल तर फोनचाच माइक निवडा.