उडी पास झाली, गुडघा नाही

“ताई, गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. दुखत नाही, सूज नाही, रोज तीन किलोमीटर धावतो. एका पायावरची उडीही दोन्ही पायांची जवळजवळ सारखीच जाते. दिवाळीत गावची स्पर्धा आहे. आता खेळायला काय हरकत आहे?”

देवगडकडचा एक मुलगा, वय एकोणीस, फुटबॉलमध्ये उजवा विंगर, असाच ऑगस्टमध्ये माझ्याकडे कुडाळला आला होता. जानेवारीत त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मांडीच्या मागच्या स्नायूला हाडाशी जोडणारी शीर काढून तिचं नवं लिगामेंट बसवलेलं. गणपतीला चाकरमानी गावी आले की त्यांचा एक सामना होतो, तो त्याला खेळायचा होता. “माका आता कायच दुखणा नाय,” म्हणाला. आई शेजारी बसली होती. ती एवढंच म्हणाली, “ह्येका जरा समजवा.”

मी आधी त्याला उड्या मारायला लावल्या. एका पायावर उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरायचं आणि अंतर मोजायचं. डाव्या पायाने 160 सेंटीमीटर, उजव्याने 150. म्हणजे जवळपास 94 टक्के. साधारण 90 टक्क्यांच्या वर गेलं की पास समजतात. त्याचा चेहरा खुलला.

मग त्याला जिममधल्या लेग एक्स्टेन्शन मशीनवर बसवलं. एकेका पायाने, नीट पूर्ण उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन लावून बघितलं. डावा पाय 40 किलो, उजवा 28. हे फक्त 70 टक्के. शिवाय ऑपरेशनच्या आधी याच मशीनवर घेतलेला डाव्या पायाचा आकडा माझ्या वहीत होता: 46 किलो. सात महिने खेळ बंद, म्हणून चांगला पायही उतरला होता. उजव्याची तुलना खरं तर 46शी करायला हवी, आणि तशी केली की हाती येतात 61 टक्के.

उडी 94 आणि ताकद 61, हे कसं? पुढे झेपावताना जोर मुख्यतः कंबरेच्या सांध्यातून आणि घोट्यातून येतो. गुडघ्याचा वाटा कमी असतो, आणि शरीर हुशार असतं, दुबळ्या भागाला बगल देऊन काम उरकतं. मांडीच्या पुढच्या स्नायूची, क्वाड्रिसेप्सची, खरी गरज लागते ती उतरताना, थांबताना आणि वळताना. मोबाइलवर त्याच्या उतरण्याचा व्हिडिओ हळू करून दाखवला. डाव्या पायावर तो गुडघा छान वाकवून उतरत होता. उजव्यावर गुडघा जवळजवळ ताठ, धड पुढे झुकलेलं आणि गुडघा किंचित आत कललेला. पहिल्यांदा लिगामेंट तुटलं तेव्हाही तो बचावपटूला चकवताना असाच, ताठ पायावर वळला होता. त्याने तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि गप्प झाला.

स्नायू मागे का राहिला ते शोधायला आम्ही पार सुरुवातीला गेलो. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे बरं वाटतं म्हणून तो गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचा. घरोघरी हेच होतं, आणि प्रेमापोटी होतं. पण पहिल्या दोनेक आठवड्यांतला सगळ्यात मोठा टप्पा म्हणजे गुडघा दुसऱ्या पायाइतका पूर्ण सरळ होणं. उशी घ्यायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने खाली सरळ होतो. याचा गुडघा सहाव्या आठवड्यालाही थोडा वाकलेलाच होता. पाय सरळ होत नाही तोवर माणूस लंगडतो, आणि क्वाड्रिसेप्स नीट आवळतच नाही. पुढे गुडघा सरळ झाला, चौथ्या महिन्यात तो धावायलाही लागला, पण स्नायूची ती उधारी कुणी फेडलीच नव्हती. सड्यावर धावून दम वाढतो, मांडी भरत नाही.

“पण माझा एमआरआय चांगला आलाय,” असं तूही म्हणशील. एमआरआय नवं लिगामेंट जागेवर आहे का ते दाखवतो. ते खेळ पेलेल का, हे त्यातून कळत नाही. बसवलेली शीर आधी आपल्या जुन्या पेशी गमावते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि ती हळूहळू लिगामेंटसारखी घडत जाते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ती सगळ्यात कमजोर असते, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. ही घडण वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या खेळाडूंच्या अभ्यासात, मैदानावर परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबलं, तितकं दर महिन्याला गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलेलं दिसलं. म्हणून नऊ महिन्यांच्या आत वळणावळणाच्या खेळाला मी हो म्हणत नाही. पण नऊ महिने भरले म्हणून आपोआप हो, असंही नाही.

गणपतीचा सामना त्याने बाहेर बसून बघितला. त्याला ते फार लागलं, मला दिसत होतं. मग अडीच महिने आठवड्यातून तीन दिवस फक्त ताकद: एका पायाने लेग प्रेस, लेग एक्स्टेन्शन, एका पायावर हळूहळू खाली बसणं. सहा ते आठ वेळा उचलल्यावर पुढचं जमणार नाही इतकं वजन. मोजमाप एकच ठेवलं होतं. सकाळी उठल्यावर वाटीच्या आतल्या बाजूची खळगी बघायची. तिथून तळव्याने वरच्या दिशेला निपटायचं, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरवायचा. आतली खळगी फुगून आली तर गुडघ्यात पाणी आहे, म्हणजे कालचा व्यायाम जास्त झाला. त्या दिवशी उड्या आणि धावणं बंद. असं दोनदा झालं, दोन्ही वेळा फुटबॉलला हळूच हात लावल्यावर. त्याने स्वतःहून कबूल केलं.

ऑक्टोबरच्या शेवटी डावा 45, उजवा 42. ऑपरेशनआधीच्या 46च्या हिशेबाने 91 टक्के. उतरताना गुडघा वाकत होता आणि पावलाच्या रेषेत राहत होता. मी संघाबरोबर सराव सुरू करू दिला, अंगाला अंग न लागू देता.

तिथे वेगळंच दिसलं. समोरून बचावपटू आला की हा लगेच पास देऊन मोकळा व्हायचा, आणि वळायचा तो फक्त डाव्या पायावर. आकडे पास, पण मन अजून जानेवारीत अडकलेलं. यासाठी बारा प्रश्नांची एक प्रश्नावली असते, खेळताना गुडघ्याचा विचार मनात येतो का, पुन्हा मार लागेल अशी धास्ती वाटते का, अशी. त्याचे गुण शंभरात पन्नासही नव्हते. ही भीती खोटी नसते आणि ती बोलून जात नाही. आम्ही आणखी महिनाभर आधी ठरवलेल्या दिशेला वळणं, मग ऐनवेळी इशारा मिळेल त्या दिशेला, मग एकास एक झुंज, मग पूर्ण धक्काबुक्कीचा सराव, अशा पायऱ्या चढवल्या. पावसात शेवाळलेल्या कातळाच्या मैदानावर मी त्याला मुद्दाम उतरू दिलं नव्हतं. ते सुकेपर्यंत डिसेंबर आलाच.

तुझ्या फिजिओला तीन गोष्टी विचार: दोन्ही मांड्यांची वेगवेगळी ताकद किती, ऑपरेशनआधीचा चांगल्या पायाचा आकडा आहे का, आणि उतरतानाचा व्हिडिओ. यातलं काहीच मोजलं नसेल, तर तुझ्या सारख्या जाणाऱ्या उडीवर दिवाळीचा निर्णय घेऊ नकोस.

तो मुलगा पहिल्या सामन्यात शेवटची पंधरा मिनिटं खेळला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला गुडघ्याचा फोटो पाठवला. वाटीशेजारची खळगी स्वच्छ दिसत होती. पुढच्या रविवारी त्याला अर्धा तास दिला.