हजेरीपत्रकावर सही केली म्हणजे सुनावणी झाली का?

प्रश्न: मॅडम, आम्ही पुण्यात राहतो. सोसायटीच्या मागच्या प्लॉटवर शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे डीपीमधे, क्रीडांगणाचं आरक्षण आहे, ते उठवून निवासी करायची नोटीस पेपरात आली. आम्ही मुदतीत 212 जणांच्या हरकती दिल्या, मजकूर सगळ्यांचा एकच. सुनावणीत मला दोन मिनिटं ऐकलं, "नोंद घेतो" म्हणाले, पण समोर काहीच लिहिलं नाही. शेजारच्या काकांना तर पत्रच सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. आता आमच्या हरकतींचं पुढे काय होतं, उत्तर येतं का, की सरळ कोर्टात जावं?

उत्तर: ताई, कोर्टाचं नंतर बघू, कारण आत्ता गेलात तर बहुतेक "अजून मंजुरीच झालेली नाही, आधी सरकारला निर्णय घेऊ द्या" असं ऐकून परत याल. तुमच्या हातात आत्ता जे दिवस आहेत ते कोर्टापेक्षा जास्त कामाचे आहेत, आणि ते दिवस लोक वाया घालवतात हे मी इतक्या वेळा पाहिलंय की वाईट वाटतं.

आधी ती नोटीस परत काढा आणि कुठल्या कलमाखाली आहे ते बघा. मंजूर डीपीतलं एखादं आरक्षण बदलायचं असेल तर साधारणपणे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966, कलम 37 लागतं. ह्या कलमात म्हटलंय की बदलाची नोटीस राजपत्रात यायला हवी, एका महिन्याच्या मुदतीत कोणाच्याही हरकती-सूचना घ्यायच्या, आणि शिवाय ज्यांच्यावर ह्या बदलाचा परिणाम होतो त्या सगळ्यांना वेगळी नोटीस बजावून त्यांची सुनावणी घ्यायची, मगच प्रस्ताव सरकारकडे पाठवायचा. हे दोन भाग नीट वेगळे समजून घ्या. हरकत कोणीही देऊ शकतं, उद्या कोथरूडचा माणूस हडपसरच्या प्लॉटवर हरकत घेऊ शकतो, पण सुनावणीचा जो हक्क कायद्याने दिलाय तो परिणाम होणाऱ्या माणसाला दिलाय. म्हणून तुमच्या कागदात "मी नागरिक म्हणून हरकत घेते" एवढंच लिहिलं असेल तर ते अपुरं आहे, "माझी इमारत ह्या प्लॉटला लागून आहे, माझी मुलं तिथे खेळतात, मंजूर डीपीत हे क्रीडांगण बघून आम्ही इथे फ्लॅट घेतला" हे लिहावं लागतं, तेव्हा तुम्ही परिणाम होणाऱ्या व्यक्ती म्हणून रेकॉर्डवर येता.

आता तुमची हरकत कुठे जाते. अर्ज आवकला जातो, शिक्का आणि आवक क्रमांक पडतो (तुमच्या पोचवर तो आहे ना ते बघा, नसेल तर उद्याच जाऊन घ्या), मग सगळ्या हरकतींचा एक गोषवारा बनतो. गोषवारा म्हणजे एक तक्ता, हरकतदाराचं नाव, हरकतीचा सारांश, त्यावर विभागाचा अभिप्राय आणि शिफारस. वर बसलेला निर्णय घेणारा माणूस बहुतेक वेळा तुमचं पत्र वाचत नाही, तो हा तक्ता वाचतो. आणि इथेच 212 हरकतींचा एकच मजकूर तुमच्या विरोधात जातो, कारण तक्त्यात त्या "अ.क्र. 1 ते 212, एकाच आशयाच्या हरकती, क्रीडांगण कायम ठेवावे अशी मागणी" अशा एका ओळीत बसतात आणि समोर अभिप्राय येतो "धोरणात्मक बाब, प्रस्ताव सार्वजनिक हिताचा आहे". संपलं. सह्या किती ते दिसतं, पण अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागेल असा मुद्दा एकही दिसत नाही.

उत्तराचं विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते, प्रत्येक हरकतदाराला घरी उत्तर पाठवलंच पाहिजे असं कलम 37 मधे कुठेही लिहिलेलं नाही. तुमचं उत्तर म्हणजे त्या तक्त्यातला अभिप्राय, आणि तो तुम्हाला मागूनच घ्यावा लागतो.

माझ्याकडे एक केस होती, गाव आणि कार्यालय सांगत नाही. असाच खेळाच्या मैदानाचा प्लॉट, आणि प्रस्तावात बदलाचं कारण दिलं होतं की 500 मीटरवर दुसरं मैदान उपलब्ध आहे. तीनशेच्या वर छापील हरकती, आणि एक हाताने लिहिलेली, एका रिटायर्ड ओव्हरसियर काकांची. काका स्वतः चालत जाऊन आले होते. त्यांनी लिहिलं की ते दुसरं मैदान हायवेच्या पलीकडे आहे, ओलांडायला सिग्नल नाही, आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात पाण्याची टाकी बांधलेली आहे, सोबत चार फोटो, आणि शेवटी एक ओळ, "मंजूर आराखड्याच्या अहवालात ह्याच सेक्टरमधे मैदानं कमी असल्याचं तुम्हीच लिहिलंय, पान अमुक". तीनशे हरकती एका ओळीत गेल्या, पण ह्या एका हरकतीवर वेगळा अभिप्राय लिहावा लागला, आणि तो इतका गुळमुळीत निघाला की प्रस्ताव वर गेल्यावर सरकारने खुलासा मागवला. तुमच्याकडे पण डीपीचा अहवाल आहे, कोणत्या सेक्टरला मैदानं, बागा किती हव्यात आणि किती आहेत ह्याचे तक्ते त्यात असतात, ते काढा. त्यांच्याच आकड्यावर त्यांना बोलायला लावलं की पळवाट अवघड होते.

आता सुनावणीचं. तुम्ही आत गेल्यावर एका कागदावर सही केली असणार, ते हजेरीपत्रक. पुढे फाइलमधे "हरकतदारांना सुनावणीची संधी देण्यात आली" असं वाक्य येईल आणि पुरावा म्हणून तोच कागद जोडला जाईल, तुम्ही काय बोललात त्याचा मागमूस नसेल. म्हणून आज-उद्याच एक पत्र द्या, मजकूर साधाच ठेवा: "दिनांक अमुक रोजीच्या सुनावणीत मी तोंडी मांडलेले मुद्दे खालीलप्रमाणे लेखी देत आहे, ते सुनावणीच्या अहवालाला जोडावेत आणि प्रत्येक मुद्द्यावर अभिप्राय नोंदवावा". खाली मुद्दे, सुटे सुटे, एका मुद्द्यात एकच गोष्ट. पोच घेतल्याशिवाय हलू नका. अहवाल वर जायच्या आत हे फाइलला लागलं पाहिजे, नंतर लागलं तर "उशिरा आलेलं निवेदन" म्हणून बाजूला पडतं.

तुमच्या शेजारच्या काकांची बाजू तुमच्यापेक्षा भक्कम आहे हे लक्षात घ्या. त्यांनी ते पाकीट फेकलं नसेल तर नशीब, त्यावरचा पोस्टाचा शिक्का आणि स्पीड पोस्टचं ट्रॅकिंग ह्यावरून पत्र कधी निघालं आणि कधी मिळालं हे दोन्ही सिद्ध होतं. त्यांनी लगेच, ह्याच आठवड्यात, पाकिटाची कॉपी जोडून फेरसुनावणी मागावी. दोन महिन्यांनी मागितली तर "तेव्हा का गप्प होतात" हाच पहिला प्रश्न येतो, आणि तो प्रश्न रास्त असतो.

आता थोडं कडू. पुणे महापालिका विरुद्ध प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन ह्या 2004 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की विकास नियंत्रण नियमावली बदलण्याचा कलम 37 खालचा अधिकार हा कायदे करण्याच्या स्वरूपाचा आहे, त्यामुळे कायद्याने जेवढी सुनावणी दिलीय तेवढीच मिळेल, नैसर्गिक न्यायाच्या नावाखाली त्याहून जास्त मागता येत नाही, आणि सरकार मंजुरी देताना प्रस्तावात बदल करू शकतं, त्यासाठी परत हरकती मागवाव्या लागत नाहीत. तो वाद नियमावलीचा होता, एका प्लॉटच्या आरक्षणाचा नव्हता, हा फरक मी तुमच्या बाजूने नक्की मांडेन, पण समोरचा वकील पहिला हाच निकाल वाचणार. म्हणून "आम्हाला नीट ऐकलं नाही" ह्या एका वाक्यावर केस उभी करू नका. कायद्याने जे स्पष्ट दिलंय, राजपत्रातली नोटीस, पूर्ण एक महिना, परिणाम होणाऱ्यांना बजावणी आणि सुनावणी, ह्यातलं नेमकं काय चुकलं ते कागदाने दाखवा. तुमच्या बाजूने बंगलोर मेडिकल ट्रस्टचा 1991 चा निकाल आहे, राजमहल विलास भागातली बागेची जागा खासगी हॉस्पिटलला दिली होती, सुप्रीम कोर्टाने ते रद्द ठरवलं आणि आजूबाजूच्या रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागायचा हक्क आहे हेही सांगितलं.

कागद कसे मिळवायचे तर आधी महापालिकेत जाऊन फाइल प्रत्यक्ष बघायला मागा, अर्ज-अपिलात महिने जाण्यापेक्षा ते बरं. फाइलमधे हजेरीपत्रक, गोषवारा, सुनावणी घेणाऱ्याचा अहवाल, मुख्य सभेचा ठराव आणि शासनाला गेलेल्या प्रस्तावाचा जावक क्रमांक बघा, पान नंबर टिपून घ्या. मग माहिती अधिकारात त्या पानांच्या प्रती मागा, अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा ठेवा, नाहीतर तेवढ्यावरच परत येतो. 30 दिवसांत काही आलं नाही तर पहिलं अपील. गोषवाऱ्यात तुमचे मुद्दे कसे लिहिलेत ते तुमच्या मूळ अर्जाशी ओळ न ओळ ताडून बघा, तिथे मुद्दा गाळलेला सापडला तर तो तुमच्या भाषणापेक्षा जास्त बोलतो.

आणि एक टप्पा लोक विसरतातच. महापालिकेचा ठराव झाला म्हणजे सगळं संपलं असं धरून बसतात, पण अंतिम मंजुरी सरकारची, कलम 37 (2) प्रमाणे सरकार हवी ती चौकशी करू शकतं, नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन प्रस्ताव जसाच्या तसा, बदल करून, अटी घालून मंजूर करू शकतं किंवा फेटाळू शकतं. तेव्हा गाळलेल्या मुद्द्यांचं निवेदन मंत्रालयात नगरविकास विभागाला द्या आणि एक प्रत नगररचना संचालकांना, ते ऑफिस इथेच सेंट्रल बिल्डिंगमधे आहे, हाताने नेऊन द्या. सोबत मूळ हरकत आणि गोषवाऱ्याचं ते पान, शेजारी शेजारी. पूर्ण मैदान नाही तरी "एवढा भाग खुला ठेवावा" अशी अट पडू शकते, त्यामुळे निवेदनात ती पर्यायी मागणी पण लिहा, तुम्हाला आवडत नसली तरी.

मंजुरीची अधिसूचना राजपत्रात आलीच तर मग हायकोर्टात रिट, आणि पुण्याची रिट मुंबईलाच. शिवाजीनगरच्या कोर्टात दिवाणी दावा टाकू नका, कोणी सांगितलं तरी, ह्या कायद्याचं कलम 149 तिथेच आडवं येतं. अधिसूचनेनंतर थांबू नका, एकदा बांधकामाची परवानगी निघाली, फ्लॅट बुक झाले की कोर्ट तिसऱ्या माणसांचा विचार करतं आणि तुमची उशिरा आलेली चांगली केस पण ढिली पडते.

काकांना आजच फोन करून पाकीट जपून ठेवायला सांगा, आणि नोटिशीवरची राजपत्राची तारीख मला कळवा, महिना पूर्ण दिला होता का ते त्यावरूनच मोजता येईल.