बी १२: पिकोग्रॅमवरून पिकोमोल

प्रश्न: भारतातल्या रिपोर्टमध्ये आईचं बी १२ १८० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांना पिकोमोल प्रति लिटरमध्ये हवंय. कसं काढू?

उत्तर: ०.७३८ ने गुणा. १८० × ०.७३८ = १३२.८, म्हणजे साधारण १३३ पिकोमोल प्रति लिटर. बी १२ च्या एका मोलचं वजन सुमारे १३५५ ग्रॅम असतं. मिलिलिटरचा लिटर करताना हजारने गुणायचं आणि मोल काढताना १३५५ ने भागायचं, म्हणून ०.७३८. उलट जायचं असेल तर ०.७३८ ने भागा.

एक नक्की सांभाळा: १३३ हा आकडा भारतीय रिपोर्टवरच्या २०० च्या किमान मर्यादेशी ताडू नका. ती मर्यादाही बदलून सुमारे १४८ होते. आईंची पातळी दोन्ही एककांत कमीच आहे. डॉक्टरांना मूळ रिपोर्टही दाखवा, कारण लॅबच्या पद्धतीनुसार मर्यादा थोडी बदलते.