प्रारंभिक निवेदनात गोपनीयतेची हमी देताना

दोन कर्मचाऱ्यांमधला वाद मिटवायला बसताना मध्यस्थाने आपले प्रारंभिक निवेदन पाच-सात मिनिटांत आटोपावे आणि त्यातला मोठा वाटा गोपनीयतेला द्यावा, असे मी सुचवेन. बोलण्याच्या नियमांत एकच आग्रहाने सांगा: एकजण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये तोडू नये, खटकलेला मुद्दा समोरच्या कागदावर टिपून ठेवावा.

‘इथले काहीही बाहेर जाणार नाही’ हे वाक्य मात्र टाळा. सुरुवातीच्या काळात मी ते सर्रास बोलत असे. एकदा स्वतंत्र बैठकीत एका कर्मचाऱ्याने सहकाऱ्याने दिलेल्या मारहाणीच्या धमकीविषयी सांगितले, ते वरिष्ठांना कळवणे मला भाग पडले आणि त्याचा माझ्यावरचा विश्वास तिथेच संपला. आता मी म्हणतो, ‘तुमचे बोलणे मी कोणाला सांगणार नाही आणि माझी टिपणे शेवटी नष्ट करीन, परंतु कोणाच्या जिवाला धोका दिसला किंवा कायद्याने कळवणे बंधनकारक असले, तर मला गप्प राहता येणार नाही. व्यवस्थापनाला फक्त समझोता झाला की नाही एवढेच कळेल.’ शेवटचे वाक्य बोलण्यापूर्वी व्यवस्थापनाकडून ते लेखी मान्य करून घ्या.

मी निकाल देणार नाही, कोणाला शिक्षा करणार नाही, हे सांगूनही दोघे एकमेकांऐवजी तुमच्याकडे पाहून पुरावे मांडू लागले, तर ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही असे समजा आणि पुन्हा सांगा. तसेच, दोघांनी पाळ्या बदलून घेण्याचे ठरवले, तरी पाळ्या लावणाऱ्या अधिकाऱ्याच्या मंजुरीविना ते अमलात येत नाही, हेही आधीच स्पष्ट करा.